चौकट गेली, ग्रह उरले: पत्रिकेवरील प्रश्नोत्तरे

प्रश्न : लेकीच्या पत्रिकेचा फोटो फोनसोबत गेला. आठवतं तसं लिहून काढलंय: "२ मध्ये राहू, ३ मध्ये मंगळ, ४ मध्ये रवी-चंद्र." एवढ्यावर गुरुजी सांगू शकतील का?

यातला २ हा राशीचा आकडा की घराचा, ते कळल्याशिवाय नाही. आपल्याकडच्या चौकटीत छापलेले आकडे राशींचे असतात: १ मेष, २ वृषभ, असे १२ मीनपर्यंत. घरं जागेवरून ओळखायची. वरचा मधला चौकोन पहिलं घर, म्हणजे लग्न, आणि तिथून डाव्या हाताला, घड्याळाच्या उलट, मोजत जायचं.

तुम्ही लिहिलेली ठेवण सर्वांना ठाऊक असलेल्या एका कुंडलीशी जुळते, तीच घेऊ: १५ ऑगस्ट १९४७, रात्रीचे १२, दिल्ली. वरच्या चौकोनात २ आहे आणि राहूही तिथेच. "२ मध्ये राहू" वाचून कोणी तो दुसऱ्या घरात, म्हणजे धनस्थानात धरला, तर सगळी पत्रिका एक घर सरकते. खरा राहू लग्नात आहे. म्हणून घर आणि रास दोन्ही शब्दांत लिहा:

लग्न वृषभ. पहिलं घर, वृषभ: राहू. दुसरं, मिथुन: मंगळ. तिसरं, कर्क: रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी. सहावं, तूळ: गुरू. सातवं, वृश्चिक: केतू. बाकीची घरं रिकामी.

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर घर रिकामं आहे की तुम्ही विसरलात, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ग्रहांची नावंही पूर्ण लिहा. "श" आणि "शु", "र" आणि "रा" यांची अदलाबदल मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता अक्षर दिसलं की आधी फोन करून विचारतो.

प्रश्न : भावाने आणि मी आठवून लिहिलं, तर दोघांचं वेगळं आलं. खरं कुणाचं, कसं ओळखायचं?

आकाशाचे काही नियम मोडत नाहीत, त्यांवर दोन्ही याद्या तपासा. राहूपासून केतू नेहमी सातवा. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, म्हणजे तो रवीच्या राशीत किंवा शेजारच्या राशीत. शुक्र फार तर दोन राशी दूर. वरच्या कुंडलीत हे तिघे एकाच राशीत आहेत, अडचण नाही.

मग जन्मवेळ. सूर्योदयाच्या सुमारास जन्म असेल तर रवी पहिल्या घराच्या आसपास, दुपारी दहाव्या, सूर्यास्ताला सातव्या आणि मध्यरात्री चौथ्याच्या आसपास. एखादं घर इकडेतिकडे चालतं. मध्यरात्रीचा रवी तिसऱ्या घरात आहे, ते ठीक. पण मध्यरात्रीचा जन्म आणि रवी दहावा असेल, तर लग्न चुकलंय.

यादी सगळीच विचित्र वाटत असेल तर एक शंका घ्या: तुमच्यापैकी एकाने शेजारची नवमांश कुंडली, म्हणजे प्रत्येक राशीचे नऊ भाग करून काढलेली, लक्षात ठेवली असेल. तिथेही राहू-केतू समोरासमोरच असतात, त्यामुळे ती खूण फसवते. पण बुध रवीपासून कितीही लांब दिसू शकतो. चंद्रकुंडली असेल तर राशी बरोबर येतात, फक्त वर चंद्राची रास असते आणि रवीचं घर वेळेशी जुळत नाही.

प्रश्न : तारीख, वेळ, गाव माहीत आहे. नव्याने काढलेल्या पत्रिकेत रवी सिंहेत आला, आम्हाला तो कर्केत आठवतो. आमची आठवण चुकली?

कदाचित नाही. जुनी पत्रिका कोणत्या पंचांगाची होती? दाते पंचांग चित्रापक्षाचं, टिळक पंचांग रैवतपक्षाचं. हे पक्ष राशीचक्राची सुरुवात वेगवेगळ्या बिंदूपासून धरतात, म्हणून दोघांच्या अयनांशांत जवळजवळ ४ अंशांचा फरक आहे. वरच्याच कुंडलीत चित्रापक्षाने रवी कर्केच्या २८व्या अंशाशी येतो. रैवतपक्षाने त्यात ४ मिळवा, तो सिंहेत गेला. म्हणून राशीच्या काठावर असलेला ग्रह दोन पत्रिकांत वेगळा दिसतो आणि घरात उगाच भांडणं होतात. मजकुराच्या डोक्यावर पंचांगाचं नाव लिहा. अंश आठवत नसतील तर ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. ते गणितातूनच परत मिळतात.

प्रश्न : सासूबाईंकडची पत्रिका बेंगळुरूची. तिच्यात आकडेच नव्हते.

ती दक्षिणी चौकट. तिथे राशी जागेवर पक्क्या असतात: वरच्या ओळीत डावीकडून मीन, मेष, वृषभ, मिथुन, आणि पुढे घड्याळाच्या दिशेने. लग्नाच्या घरात तिरकी रेघ किंवा "ल" असतो. आठवून लिहिताना आधी रेघ कुठे होती ते लिहा, मग ग्रह राशीने लिहा आणि घरं रेघेपासून मोजा. ती रेघच आठवत नसेल, तर फक्त राशी लिहून थांबा. लग्न जन्मवेळेवरून काढता येईल.