चोच जाड, डोळ्यामागे डाग, तरीही सुरय

प्रश्न: भुसावळहून डिसेंबरात अलिबागला गेलो होतो. खाडीवर पांढरे पक्षी बरेच टिपले. त्यात कुरव कोणते आणि सुरय कोणते? शेपटी काही फोटोंत दुभंगलेली दिसते, काहींत नाही. पाण्यात सूर मारला तर सुरय, एवढं धरून चालेल का?

उत्तर:

नाही, एवढ्यावर भागत नाही. मीही भुसावळकडचाच, आणि पहिल्यांदा फसलो ते याच नियमामुळे. हतनूर धरणाच्या पाण्यावर नदी सुरय सतत बघायचो. पिवळी सुरीसारखी चोच, लांब दुभंगलेली शेपटी, हवेत जागच्या जागी पंख मारत थांबायचा आणि धाडकन पाण्यात. सुरय म्हणजे असाच, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग अलिबागजवळच्या एका खाडीत ओहोटीच्या वेळी एक पक्षी टिपला. डोकं पांढरं, डोळ्यामागे काळा डाग, चोच आखूड आणि जाड. मी बिनधास्त 'काळ्या डोक्याचा कुरव' लिहून टाकलं. हिवाळ्यात त्या कुरवाचं डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे तेवढा डाग उरतो, म्हणून फसायला होतं. पण त्याची चोच बारीक, लालसर आणि टोकाला गडद असते, पायही लालसर. माझ्या फोटोत दोन्ही काळेकुळकुळीत होते.

शेपटीसाठी सलग काढलेल्या सगळ्या फ्रेम उघडल्या. वळताना किंवा वेग कमी करताना पक्षी शेपटी पंख्यासारखी पसरतो, तेव्हा उथळ खाच पार पुसली जाते. तुमचाही घोटाळा बहुधा इथेच झालाय. दोन फ्रेम मागे, शेपटी मिटलेली असताना, खाच स्पष्ट होती. कुरवाची शेपटी मिटल्यावरही बहुतेक सरळ किंवा किंचित गोल असते.

खरा उलगडा उडण्यावरून झाला. पंख अरुंद आणि टोकदार, चोच खाली रोखलेली, नजर चिखलावर. अलगद खाली यायचा, खेकडा उचलायचा आणि वर जायचा. एकदाही भिजला नाही! हा गल-बिल्ड टर्न, म्हणजे कुरवासारख्या चोचीचा सुरय. तो क्वचितच सूर मारतो. चिखलावरचे खेकडे आणि उडते किडे तो बरेच खातो. हिवाळ्यात आपल्या धरणांवर येणारा व्हिस्कर्ड टर्नही बहुधा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच टिपतो.

उलट, होड्यांमागे मासळीचे तुकडे पडले की कुरवही पाण्यात झेपावतात. पण ते पोटावर आपटतात आणि बदकासारखे तरंगत बसतात. सुरय बुडी मारून लगेच उठतो, पाण्यावर फारसा बसतच नाही.

तेव्हा आधी चोच खाली रोखलेली फ्रेम शोधा, मग मिटलेल्या शेपटीची. पक्षी फक्त बसलेला असेल तर चोच आणि पायांचा रंग मोठा करून पाहा. मात्र उन्हाविरुद्ध काढलेल्या फोटोत लाल चोचही काळी दिसते, तसल्या फोटोवरून मी तरी नाव लिहीत नाही.