बारावीचं इंटिग्रेशन पंधरा वर्षांनी: पहिल्या पानापासून सुरू करू का?

"मॅडम, मी मॅथ्सची बीएस्सी आहे, पण लग्न, मुलं यात पंधरा वर्षं वहीला हात लावला नाही. आता क्लासमध्ये बारावीला शिकवशील का विचारतायत. पुस्तक उघडलं तर इंटिग्रेशन पूर्ण कोरं वाटलं. परत अकरावीपासून सगळं करत बसू का?"

नाही, अकरावीपासून तर अजिबात नको. एकदा नीट शिकलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे एबिंगहाउसने 1885 मध्येच मोजून दाखवलं होतं, तो विसरण्याचं मोजमापच असं करायचा की परत पाठ करताना किती वेळ वाचला. म्हणजे आत्ता आठवत नाही याचा अर्थ डोक्यात काहीच शिल्लक नाही असा होत नाही, फक्त काय शिल्लक आहे ते आधी शोधायला लागतं.

म्हणून मी त्यांना वाचायला काहीच सांगितलं नाही. बोर्डाच्या गणित भाग 2 मधल्या इंटिग्रेशनच्या धड्याच्या शेवटचं मिश्र उदाहरणांचं पान काढा म्हटलं, बाकीचं पुस्तक झाका, आणि एकेक उदाहरण येईल तेवढं करा, अडलात की तिथेच पेनाने रेघ मारून पुढचं घ्या. सोडवलेलं उदाहरण आधी वाचायचं नाही यावर मी अडून बसले, कारण ते वाचताना प्रत्येक ओळीला "हो हो, हे येतं मला" असंच वाटतं आणि वही समोर आली की हात हलत नाही. वाचून ओळखीचं वाटणं आणि स्वतः करता येणं यात फार अंतर असतं.

दुसऱ्या भेटीत वही आणली तर गंमतच होती. हे पहिलं

```
∫ x/(x²+1) dx = ½ log(x²+1) + c
```

न अडता केलेलं, x·eˣ वालं बाय पार्ट्सही फक्त सूत्राची एक ओळ बघून पुढे गेलेलं. आणि sin²x च्या इंटिग्रेशनला मात्र बिनधास्त sin³x/3 लिहिलेलं! त्यांना वाटलं इंटिग्रेशनच विसरलंय. मी म्हटलं, उत्तर डिफरन्शिएट करून बघा. त्यांनी sin²x लिहिलं आणि म्हणाल्या, आलं की बरोबर. चूक खरी इथे होती, चेन रूलने तिथे sin²x·cos x यायला हवं. म्हणजे गळालेली गोष्ट इंटिग्रेशनच्या दोन धडे आधीची, डिफरन्सिएशनमधली. दुसरी गळालेली गोष्ट cos 2x = 1 − 2sin²x ही ट्रिगची आयडेंटिटी, ती हाताशी असती तर उत्तर सरळ x/2 − (sin 2x)/4 + c आलं असतं. आख्खी अकरावी करायची गरज कुठे होती, चेन रूल आणि पानभर ट्रिगची सूत्रं एवढंच तर होतं. इंटिग्रेशनमध्ये ही फार चांगली सोय आहे बघा, प्रत्येक उत्तर उलटं डिफरन्शिएट करून स्वतःच तपासता येतं, कोणाला विचारायला नको.

पुढचं काम एवढंच ठरलं: जिथे रेघ मारली तिथलं एक सोडवलेलं उदाहरण बघायचं, पुस्तक बंद करायचं, तसंच दुसरं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी न बघता तिसरं. तिसरं जमलं तर ते नुसतं विसरलेलं होतं, मग आठवडाभराने एकदा परत करून सोडून द्यायचं. आणि उदाहरणं कायम मिसळून घ्यायची. सब्स्टिट्यूशनच्या स्वाध्यायात बसलं की पद्धत कुठली ते वरच लिहिलेलं असतं, आणि पंधरा वर्षांत जास्त जातं ते नेमकं हेच, बघून पद्धत ओळखणं. 1/(x²−1) ला पार्शल फ्रॅक्शन आणि x/(x²−1) ला सब्स्टिट्यूशन, दोन्ही शेजारी ठेवून करून बघा, एकदम कळेल मी काय म्हणतेय ते.

एक धडा मात्र या पद्धतीने हलला नाही, बेरजेची मर्यादा घेऊन डेफिनिट इंटिग्रल काढणं. उदाहरण बघायच्या, दुसऱ्या दिवशी परत कोरं. विचारलं तर म्हणाल्या, तेव्हा पण मी हे पाठच केलं होतं, कळलं नव्हतंच. मग ते आठवणार कुठून, तिथे उजळणी चालत नाही, ते नवीन शिकायला लागतं. तेवढ्यापुरतं अगदी मुळापासून सुरू केलं: x² चा आलेख, 0 ते 1 मध्ये आधी चार आयत, मग आठ, मग n. सगळ्या आयतांची बेरीज n(n+1)(2n+1)/6n³ येते आणि n वाढवत नेलं की ती 1/3 कडे जाते, हे त्यांनी स्वतः काढून बघितलं. या एका धड्याला बाकी सगळ्या इंटिग्रेशनपेक्षा जास्त वेळ गेला, आणि क्लासवाल्यांना त्यांनी सांगितलं की बाकीचं आत्ता घेते, हा धडा टर्मच्या शेवटी ठेवा.