टीव्ही सारखा अडकतो: वायफाय कमजोर की प्लॅनच स्लो?

प्रश्न: हॉलमधला टीव्ही सारखा गोल गोल फिरत बसतो. प्लॅन वाढवू की राउटर बदलू?

आधी पैसे खर्च करू नका. मोबाइल डेटा बंद करून फोन वायफायवर ठेवा, राउटरपासून हाताच्या अंतरावर उभे राहा आणि इंटरनेटचा वेग मोजणारी fast.com ही साइट उघडा. मग तोच फोन टीव्हीच्या अगदी शेजारी धरून पुन्हा तपासा. दोन्ही वेळी टीव्ही आणि घरातली डाउनलोडं बंद हवीत.

समजा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. राउटरजवळ ९० आणि टीव्हीजवळ ४ आले, तर दोष वायफायचा. प्लॅन ३०० चा केलात तरी भिंतीपलीकडे फारसा फरक पडणार नाही. राउटरजवळच ८-१० येत असतील, तर बहुधा लाइनवर किंवा कंपनीकडे गडबड आहे. सकाळी ठीक आणि रात्री नऊला घसरत असेल तर बहुधा गर्दी. आणि दोन्हीकडे प्लॅनइतकाच वेग आला, तर तो पुरतो का बघा: फुल एचडीला साधारण ५, फोरकेला १५ एमबीपीएस लागतात, तेही एका स्क्रीनला.

एक गोम आहे. फोन वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर आणि टीव्ही २.४ च्या बँडवर असेल, तर फोनचा आकडा फसवतो. म्हणून शेवटी राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल तात्पुरती जमिनीवरून ओढा. अडकणं थांबलं, तर दोष वायफायचाच. मग ती केबल कायमची लावून टाका, दिसायला वाईट दिसली तरी.