सरप्राइज ठेवायचंय ना, मग ड्राफ्टमधली तिसरी ओळ उडव

अरे,

गर्लफ्रेंडला शनिवारच्या सरप्राइज डेटसाठी पाठवायचे तुझे मेसेज वाचले. पहिले दोन मस्त जमलेत, पण तिसऱ्यात 'वरून सगळं दिसतं तिथून' असं लिहिलंयस, म्हणजे निम्मं सांगूनच टाकलंस की, उरलेलं ती पाच मिनिटांत शोधून काढेल. जागेबद्दल एक शब्द नको. फ्लर्ट करायचंय तर तिच्याबद्दल कर, प्लॅनबद्दल नको.

शनिवारचं आहे तर मंगळवारी पहिला टाक, 'शनिवारी संध्याकाळी सहानंतर तू माझी, दुसऱ्या कुणाला वेळ देऊ नकोस.' पण तिने हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, काही लोकांना सरप्राइज अजिबात झेपत नाही आणि तिचं तसं असेल तर ते मंगळवारीच कळलेलं बरं. आणि 'शनिवारी भेट, महत्त्वाचं आहे' असलं काही नको हं, ब्रेकअपचं वाटतं ते, बिचारी चार दिवस टेन्शनमध्ये राहील.

गुरुवारी कामाचं बोल, आणि हे मात्र सरळ सांगायचं. किती चालायचंय, थंडी वाजेल का, घरी किती वाजता पोचेल. 'हिल्स नको, स्वेटर घे, साडेदहापर्यंत घरी सोडतो. बाकी तू काहीही घाल, माझं लक्ष तसंही उडणारच आहे.' बघ, गुपित तसंच राहिलं आणि पाय दुखायची वेळही टळली. नाहीतर ती नटून येते आणि तू तिला पायऱ्या चढायला लावतोस, मग कसला आलाय रोमान्स.

आता ती अंदाज लावत बसणार. 'पिक्चर?' 'नाही.' 'डिनर?' 'नाही.' आणि बरोबर ओळखलं की तू दोन मिनिटं गप्प, झालं, तिथेच सापडलास! म्हणून चूक असो की बरोबर, प्रत्येक अंदाजाला उत्तर एकच आणि तेवढ्याच वेळात, 'छान आयडिया, पुढच्या वेळी.' खोटी जागा अजिबात सांगू नकोस, ती त्याच हिशोबाने तयार होऊन येईल आणि वर तिचा मूडही जाईल.

बाकी गुपित फुटतं ते मेसेजमधून कमी आणि फोनमधून जास्त. बुकिंगचं कन्फर्मेशन लॉक स्क्रीनवर झळकतं, शेअर केलेल्या कॅलेंडरमध्ये आपोआप एंट्री पडू शकते, लाइव्ह लोकेशन चालू राहतं आणि तू शुक्रवारी जागा बघायला गेलास की तिला दिसतं. आधी ही तीन बंद कर. मित्रांच्या ग्रुपवर तर चकार शब्द काढू नकोस, कुणीतरी तिला 'एन्जॉय' म्हणून मोकळा होईल.

शुक्रवारी काही पाठवू नकोस, तिलाच विचारू दे. शनिवारी दुपारी फक्त एक, 'सहाला खाली ये. पत्ता माझ्याकडे आहे, तू फक्त ये.' उशीर होणार असेल तर मात्र लगेच फोन कर, मेसेज नको.