गोषवारा, सारांश आणि ‘-ऊन’ची गल्लत

प्रश्न : एखाद्या घटनेचा चार-पाच पानांचा अहवाल अर्ध्या पानात आणायचा असेल तर त्याला ‘सारांश’ म्हणायचे की ‘गोषवारा’? मी लिहिलेले वाचून वरिष्ठ म्हणतात, ‘यात तुमचे मत आले आहे आणि क्रमही बिघडला आहे.’ मी तर एकही विशेषण घातलेले नाही. मत येते कुठून?

उत्तर : मी या कामासाठी ‘गोषवारा’ म्हणेन. सारांश म्हणजे सार असलेला अंश. त्यात सार कोणते हे लिहिणारा ठरवतो, म्हणजे निवडीची मोकळीक त्या शब्दातच आहे. गोषवारा हा फारसीतून आलेला दफ्तरी शब्द, मूळचा हिशेबाच्या कामातला. लांबलचक खतावणीचा गोषवारा काढताना रकमा एकत्र येतात, पण कोणतीही बाब गाळता येत नाही आणि नवी घालताही येत नाही. तुम्हाला हवे आहे ते नेमके हेच.

आता मत कुठून येते ते पाहू. विशेषणे तुम्ही टाळलीत हे चांगलेच, पण मराठीत मत बहुतेक वेळा प्रत्ययांतून शिरते. नमुन्यासाठी एक घटना घेऊ. गोदामात रात्री आग लागली. अहवालात आधी पहारेकऱ्याची जबानी आहे, मग पर्यवेक्षकाची, शेवटी पाहणीची नोंद. त्यावरून कोणी असे लिहितो :

‘पहारेकऱ्याने फोन करूनही पर्यवेक्षकाने तो न उचलल्याने मुख्य स्विच उशिरा बंद झाला व दुपारी बदललेली वायर वितळून आग लागली.’

वाक्य सुबक आहे आणि मत सांगणारे विशेषण एकही नाही. तरी त्यात चार निष्कर्ष आहेत आणि अहवालात त्यांतला एकही नाही.

‘न उचलल्याने’ घ्या. ‘-ल्याने’ आणि ‘-ल्यामुळे’ हे कारण सांगणारे प्रत्यय आहेत. अहवालात फोन उचलला गेला नाही एवढेच आहे, स्विच त्यामुळे लांबला असे कोणीही म्हटलेले नाही. ‘करूनही’ मधला ‘ही’ तर सरळ ठपका ठेवतो. इथे मराठीत एक फार उपयोगी रचना आहे : ‘फोन केला असता तो उचलला गेला नाही.’ ‘असता’ प्रसंग सांगते, कारण सांगत नाही. ‘-ल्यावर’ आणि ‘-ल्यानंतर’ही बऱ्यापैकी तटस्थ आहेत.

‘उशिरा’ हा शब्द निवाडा आहे. कशाच्या तुलनेत उशीर? वेळ लिहा, म्हणजे वाचणारा स्वतः मोजेल.

‘बंद झाला’ हे सहज नजरेतून सुटते. स्विच बंद झाला, बंद केला, बंद करण्यात आला, या तिन्हींत फरक आहे. ‘झाला’ म्हटले की स्विच आपोआप बंद पडला असे वाटते. ‘करण्यात आला’ मध्ये कोणीतरी केला हे कळते, पण कोणी ते हरवते. लांब अहवालात ‘पहारेकऱ्याने बंद केला’ असे स्पष्ट असताना शब्द वाचवण्यासाठी कर्ता गाळला, तर ती काटछाट नव्हे, तिथे माहिती गेली.

आणि ‘वितळून’. ज्याला व्याकरणात पूर्वकालवाचक म्हणतात ते हे ‘-ऊन’ रूप थोडक्यात लिहिणाऱ्याला फार मोहात पाडते, कारण दोन वाक्यांचे एक होते. पण त्याचा अर्थ फक्त ‘आधी’ असा राहत नाही. ‘जेवून निघाला’ मध्ये क्रम आहे, ‘घसरून पडला’ मध्ये कारण. ‘वायर वितळून आग लागली’ हे वाक्य कोणीही कारणाच्याच अर्थाने वाचेल. वितळलेली वायर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीत आढळली. ती आगीने वितळली की तिच्यामुळे आग लागली, हे अहवाल सांगत नाही. शिवाय ‘-ऊन’चा कर्ता सहसा मुख्य क्रियापदाचाच धरला जातो. ‘पुन्हा फोन करून पर्यवेक्षकाने स्विच बंद करायला सांगितले’ असे लिहिले की फोन पर्यवेक्षकाने केला असे होते; प्रत्यक्षात तो पहारेकऱ्याने केला होता.

क्रम बिघडतो त्याचे कारण वेगळे आहे. जबान्या माणसांच्या क्रमाने असतात, घटनेच्या नाही. पर्यवेक्षक आपल्या जबानीत मध्येच सांगतो, ‘दुपारी इलेक्ट्रिशियनने वायर बदलली होती.’ हा ‘होती’ मागे उडी मारल्याची खूण आहे. मी असे गोषवारे तपासतो तेव्हा आधी मूळ अहवालातल्या अशा ‘होता-होती’ अधोरेखित करतो, प्रत्येक वाक्यापुढे समासात वेळ लिहितो आणि मग वाक्ये वेळेप्रमाणे लावतो. वाक्य आपल्या जागी गेले की ‘बदलली होती’चे ‘बदलली’ होते. तयार मजकुरात असा ‘होती’ उरला असेल, तर बहुधा एखादे वाक्य अजून चुकीच्या जागी आहे.

दोन वेळांची गल्लत मात्र या युक्तीने सुटत नाही : घडल्याची वेळ आणि आढळल्याची वेळ. वायर कधी वितळली ते कोणालाच ठाऊक नाही, सकाळी ९ वाजता दिसली एवढे ठाऊक आहे. म्हणून ती नोंद सकाळच्याच जागी राहील आणि क्रियापद ‘आढळली’ असेल. तिला दुपारच्या दुरुस्तीशेजारी नेऊन ठेवले तर एकही शब्द न वाढवता आरोप तयार होतो.

मध्यरात्रही सांभाळावी लागते. ‘१२ तारखेला रात्री १२.०५’ म्हणजे नेमके कधी? बोलताना आपण ती रात्र १२ तारखेचीच धरतो, पण तारीख बदललेली असते. अशा ठिकाणी चोवीस तासांचे घड्याळ आणि नवी तारीख, दोन्ही लिहावे.

जबानीसाठी ‘सांगितले’ हेच क्रियापद पुरे. ‘कबूल केले’ म्हटले की गुन्हा गृहीत धरला जातो, ‘दावा केला’ म्हटले की संशय येतो. दोघांच्या वेळा जुळत नसतील तर मधली वेळ काढू नका. दोन्ही वेळा त्या त्या माणसाच्या नावावर ठेवा. इथे दुसऱ्या फोनची वेळ अशीच वेगवेगळी आहे, पण दोन्ही वेळा स्विचच्या आधीच्या असल्याने क्रमाला धक्का लागत नाही.

या घटनेचा गोषवारा मी असा करेन :

‘१२ तारखेला १५.०० वाजता इलेक्ट्रिशियनने गोदामातील पंख्याची वायर बदलली. २३.४० वाजता पहारेकऱ्याला गोदामात जळका वास आला. २३.४५ वाजता त्याने पर्यवेक्षकाला फोन केला असता तो उचलला गेला नाही. २३.५० वाजता धुराचा गजर वाजला. पहारेकऱ्याने दुसरा फोन केला (पहारेकऱ्याच्या जबानीनुसार २३.५२, पर्यवेक्षकाच्या जबानीनुसार २३.५८), त्या वेळी पर्यवेक्षकाने मुख्य स्विच बंद करायला सांगितले. १३ तारखेला ००.०५ वाजता पहारेकऱ्याने स्विच बंद केला आणि ००.१० वाजता अग्निशमन दलाला फोन केला. दल ००.२५ वाजता पोचले. ००.५० वाजता दलाने आग विझवली. सकाळी ०९.०० वाजता पाहणीत पंख्याची वायर वितळलेली आढळली. आगीचे कारण अहवालात नमूद नाही.’

शेवटचे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. अहवालात काय नाही हे सांगणे म्हणजे मत देणे नव्हे, आणि ते नसले तर वाचणारा वायरवर थांबून कारण स्वतःच जोडून घेतो.