सूत्र लावण्याआधी रिकाम्या फळीचे आठवडे काढा

भाव 1 टक्का बदलला की विक्री किती टक्के बदलते, ते काढायचं आहे. एका वेळी एकच वस्तू घ्या. एक्सेलमध्ये आठवड्यागणिक एक ओळ ठेवा: B मध्ये भाव, C मध्ये विकलेले नग. मग हे सूत्र:

```
=SLOPE(LN(C2:C41),LN(B2:B41))
```

जुन्या एक्सेलमध्ये Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं. #NUM! आलं तर कुठेतरी शून्य विक्री किंवा रिकामी ओळ आहे.

पण आधी माल संपलेले आठवडे गाळा, हे मी कळकळीने सांगतो. भाव कमी असतानाच माल लवकर संपतो, त्यामुळे खरी मागणी नोंदीत येतच नाही आणि गिऱ्हाईक भावाला जुमानत नाही असं खोटंच दिसतं. उत्तर उणे न येता चक्क अधिक चिन्हाचं आलं, तर बहुधा गर्दीच्या दिवसांतच भाव वाढवलेला असतो. ते आठवडेही वेगळे काढा.

समजा भाव 50 वरून 55 केला आणि विक्री 80 वरून 68 नगांवर आली. उत्तर साधारण -1.7, म्हणजे भाव 1 टक्का वाढला की विक्री सुमारे 1.7 टक्के घटते. गल्ला 4000 वरून 3740 झाला. तेवढ्यावर घाबरू नका. खरेदी 40 ची असेल तर नफा 800 वरून 1020 होतो.

वर्षभरात भाव एकदाच बदलला असेल, तर या आकड्यावर फार विसंबू नका.