डिस्पॅचवाल्याचा तास कितीला पडतो?

वकीलसाहेब, मी इंदूरला राहतो, पीथमपूरच्या एका फॅक्टरीत यंदा जानेवारीत डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह म्हणून लागलो, चार महिने झाले. ग्रॉस 36,400. लेटरमध्ये 9 ते 6, मधे तासाभराचा लंच, हफ्त्यात सहा दिवस. पण रोज साडेआठच्या आधी कोणी सोडत नाही. ओटी विचारली तर एचआर म्हणतं तुम्ही एक्झिक्युटिव्ह ग्रेडमधे, ओटी लागू नाही, आणि लेटरमध्ये लिहिलंय की पगारात जादा वेळेचा मोबदला धरलेला आहे. माझा खरा ताशी रेट काय, आणि काही करता येईल का?

आधी हिशोब, कारण तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. महिन्याचे 26 दिवस, दिवसाचे 8 तास, म्हणजे 208 तास, आणि 36,400 ला 208 ने भागलं की 175 रुपये तास. हा कागदावरचा रेट. तुम्ही रोज साडेदहा तास देताय, म्हणजे महिन्याला 273 तास, तेव्हा तोच तास 133 रुपयांना पडतोय. महिन्याचे 65 तास फुकट जातात. बसमधला इंदूर-पीथमपूर वेळ मी धरला नाही, कारण कायदा तो धरत नाही, तुमच्या पाठीला कितीही जाणवत असला तरी. रात्री घरी आल्यावर ट्रान्सपोर्टरचे फोन घेता ते पण धरले नाहीत, ते सिद्ध करणं अवघड आहे.

आता 133 हा रेट नोकरी बदलताना तुलना करायला ठीक आहे, पण कोर्टात किंवा लेबर ऑफिसात कोणी तुम्हाला 175 आणि 133 मधला फरक देणार नाही. तिथे हिशोब वेगळ्या दारातून होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड लागू झालेत, तुम्ही त्यानंतर लागलात म्हणून जुन्या कायद्याच्या भानगडीत पडायची गरजच नाही. त्यात कामगाराला दिवसाला 8 तास, त्याच्यावर काम घेतलं तर दुप्पट दराने वेतन, आणि तेही कामगाराची संमती असेल तरच.

दुप्पट, पण कशाच्या? इथेच बरेच लोक फसतात. तुमची पगार स्लिप मी पाहिली नाही, पण पीथमपूरकडच्या अशा स्लिपा बघून बघून अंदाज येतो, समजा बेसिक 14,560, एचआरए 7,280, कन्व्हेयन्स 3,640 आणि उरलेले 10,920 स्पेशल अलाउन्स. कंपनी म्हणेल ओटी फक्त बेसिकवर, म्हणजे 70 रुपये तास. पण नव्या व्याख्येत एचआरए आणि कन्व्हेयन्स वेतनातून वगळलेत, स्पेशल अलाउन्स नावाची वस्तू वगळलेल्या यादीत नाहीच, म्हणून माझ्या मते ते वेतनातच येतं. तेव्हा वेतन झालं 25,480, तास 122 रुपये 50 पैसे, दुप्पट 245, आणि 65 तासांचे महिन्याला 15,925. चार महिन्यांचे 63,700. कंपनी जरी भांडली की स्पेशल अलाउन्स म्हणजे खास खर्चाची भरपाई आहे, तरी वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनात परत धरायचा असा नियम आहे, म्हणजे तेव्हाही 18,200 च्या खाली जाता येत नाही. त्यावर महिन्याला 11,375 होतात. तुमची स्लिप काढून हे आकडे बदलून घ्या.

लेटरमधल्या त्या कलमाची काळजी करू नका. कोड ऑन वेजेसमध्ये कलम 60 आहे, त्यात लिहिलंय की या कोडखाली मिळायचं ते सोडून देतो असा करार कर्मचाऱ्याने केला तरी तो रद्दबातल. सही तुमची असली तरी.

खरी कुस्ती 'एक्झिक्युटिव्ह' या शब्दावर होईल. कामगाराच्या व्याख्येतून मॅनेजर आणि प्रशासकीय काम करणारे बाहेर आहेत, आणि सुपरवायझर असेल व वेतन महिना 18,000 च्या वर असेल तर तोही बाहेर. तुमचा पगार 18,000 च्या वर आहे, म्हणून तुम्ही सुपरवायझर ठरलात तर ओटी गेली. पण नाव ठरवत नाही, काम ठरवतं. सुप्रीम कोर्टाने 1985 मध्ये अरकल गोविंद राज राव विरुद्ध सिबा गायगी या केसमध्ये हेच सांगितलं, की हुद्दा काय दिलाय ते सोडा, मुख्य काम कोणतं ते बघा. तर स्वतःलाच विचारा, मी कोणाची सुट्टी मंजूर करतो का? कोणाला मेमो देऊ शकतो का, कोणाच्या इन्क्रीमेंटचा कागद माझ्याकडून जातो का? की मी डॉकवर उभा राहून पेट्या मोजतो, इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढतो, ड्रायव्हरला फोन करतो? हमाल ठेकेदाराचे असतात, त्यांना 'ते इकडे लाव रे' म्हणणं म्हणजे सुपरव्हिजन नाही. दुसऱ्या प्रकारचं काम असेल तर मी म्हणेन तुम्ही कामगार आहात, दावा टिकेल. पहिल्या प्रकारचं खरोखर असेल तर मला पैसे देऊन उगाच केस लढू नका.

आता पुरावा. बायोमेट्रिकवर जास्त विसंबू नका, बऱ्याच ठिकाणी सिस्टिममध्ये सहानंतरचा पंच आपोआप 6 ला कापतात किंवा एचआर महिनाअखेर 'रेग्युलराइझ' करतं. तुमच्या मोबाइल अॅपमध्ये पंच दिसत असेल तर रोजचा स्क्रीनशॉट ठेवा. पण डिस्पॅचवाल्याकडे याहून चांगली गोष्ट असते: ई-वे बिलाच्या प्रिंटवर ते कधी काढलं ती तारीख आणि वेळ असते, आणि गेटच्या रजिस्टरमध्ये ट्रक बाहेर गेल्याची. तुमच्या नावच्या युजरने 8 वाजून 12 मिनिटांनी बिल काढलं असेल तर तुम्ही सहाला घरी गेलात हे सांगणार कसं? कंपनीचा डेटा पेन ड्राइव्हवर भरून घरी आणू नका हं, ती चूक बरेच करतात आणि मग केस उलटते. फक्त वहीत तारीख, वेळ, बिल नंबर उतरवा, बाकी रेकॉर्ड दाव्यात कंपनीकडून मागवता येतं. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी कोडने मालकावर टाकलीय, पण जादा तास झाले हे तुम्हालाच आधी दाखवावं लागेल.

पायरी अशी, आधी एचआरला साधा ईमेल, भांडणाचा सूर नको, इतकंच की अमुक महिन्यात माझे इतके जादा तास झाले, ओटी कशी धरली ते कळवा. उत्तरात ते 'तुम्ही ग्रेडमधे आहात' एवढंच लिहितील, तेही चालेल, कारण जादा तास झालेच नाहीत असं त्यात कुठे म्हटलेलं नसतं. महिनाभर काहीच झालं नाही तर वेतन कोडखालच्या अधिकाऱ्याकडे अर्ज. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे, म्हणून तुम्ही इंदूरला राहत असलात आणि श्रमायुक्त इंदूरलाच बसत असले तरी दावा कामाच्या ठिकाणाच्या हद्दीत. लोक इथल्या ऑफिसात चकरा मारून थकतात आणि मग कळतं धारला जायचं होतं. मुदत 3 वर्षं आहे आणि अधिकारी बाकी रकमेवर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, पण पूर्ण दहापट मिळेल अशी आशा ठेवून बसू नका.

नोकरी चालू असताना अर्ज करायचा की सोडल्यावर, हे तुमचं तुम्ही ठरवा. सोडल्यावरही 3 वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि राजीनामा दिला तर बाकी वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, तेव्हा फुल अँड फायनलच्या कागदावर 'आता काहीही बाकी नाही' छापलेलं असेल तर सहीच्या वर हाताने लिहा, 'ओव्हरटाइमच्या मागणीला बाधा न येता'.